दुसरा पूल

संध्याकाळच्या वर्गात बाईंचा एक लौकिक होता: त्या कधी अडत नसत. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, दोन लांब टेबलं आणि एक लाकडी चौकट एवढ्या संसारावर त्या हौशी मंडळींना इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. बेकरीवाला, कापडदुकानातल्या दोघी बहिणी, एक निवृत्त पोस्टमन, औषधांच्या दुकानातले काका, अशी आठदहा माणसं दिवसभराचं काम आटोपून यायची. लाकडी चौकटीला एक खराखुरा सीलिंग फॅन टांगलेला होता, आणि त्याचा वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमीजास्त करणारा रेग्युलेटर स्वतःच्या हाताने बनवून घरी न्यायचा, हे त्या सत्राचं आकर्षण होतं. बाईंना शिकवायला आवडायचं. त्याहून थोडं जास्त आवडायचं ते लोकांनी आ वासून ऐकणं.

त्या संध्याकाळी फॅन मध्यम वेगावर ठेवला, आणि तो घुमायला लागला. पात्यांच्या वाऱ्याचा आवाज नव्हे. वरच्या मोटरीतून येणारी बारीक, चिवट घूं.

"बाई, बेअरिंग गेलं," बेकरीवाला ठामपणे म्हणाला. त्याच्या मते जगातल्या प्रत्येक यंत्राचं बेअरिंग गेलेलं असतं.

"बेअरिंग ठणठणीत आहे. पूर्ण वेगावर करते, ऐका." बाईंनी बटण दाबलं. पाती पळू लागली आणि घूं नाहीशी झाली. "आता मध्यम." घूं परत हजर. "म्हणजे आवाज फॅनचा नाही. आपण त्याला जी वीज देतोय, तिचा आहे."

मग बाई रंगात आल्या. घरात येणारी वीज सरळ रेषेत येत नाही, म्हणाल्या. ती लाटेसारखी वर जाते, शून्यावर येते, उलट्या बाजूला जाते, पुन्हा शून्यावर येते. सेकंदाला अशा पन्नास पूर्ण लाटा, म्हणजे शंभर अर्ध्या. आपला ट्रायॅक हा फार वेगवान दरवाजा. प्रत्येक अर्धी लाट सुरू झाली की तो थोडा वेळ बंद राहतो, मग धाडकन उघडतो आणि उरलेली लाट आत सोडतो. जितका उशिरा उघडेल तितकी कमी वीज, तितका फॅन हळू.

"साध्या पिवळ्या बल्बला याचं काही वाटत नाही. तार तापते, दिवा मंद होतो, विषय संपला. पण फॅनमध्ये मोटर आहे. तांब्याची गुंडाळी आणि पोलादी पत्र्यांची चवड. समजा, मूल झोक्यावर बसलंय. त्याला तुम्ही हलक्या हाताने झोका दिलात तर ते खूश. आणि दर वेळी पाठीत रपाटा घातलात तर? झोका तोही जाईल, पण पोरगं कण्हेल. सेकंदाला शंभर रपाटे खाऊन ते पत्रे आणि ती गुंडाळी थरथरतात. तेच आपण ऐकतोय."

कापडदुकानातल्या बहिणी खुदकन हसल्या. धाकटीने विचारलं, "मग आवाज न करणारा रेग्युलेटर नसतोच का?"

"असतो की. बाजारातला कपॅसिटरचा, पायऱ्यापायऱ्यांचा. तो लाट कापत नाही, नुसती ठेंगणी करतो. फॅन गप्प चालतो. पण त्यात वेग चारपाचच मिळतात, आणि आपल्या हाताला काम काय उरलं?"

तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून काकांचा हात वर गेला. काका औषधांच्या दुकानात पस्तीस वर्षं काढलेले. बाटलीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, ही त्यांची सवय हाडात मुरलेली, आणि ती वर्गातही सुटत नसे. त्यांच्या शंकांमुळे वर्ग लांबायचा. बाईंनीच त्यांना शंकासुर असं नाव ठेवलं होतं. काका त्यावर सगळ्यांबरोबर हसायचे. बिचारे करणार काय दुसरं?

"बाई, मेनच्या विजेचा आणि आपल्या बटणांचा संबंध येऊ नये, म्हणून मध्ये तो चिमुकला भाग असतो ना? एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा. मधून फक्त उजेड जातो, वीज नाही. उजेडाचा पूल म्हणालात तुम्ही."

"ऑप्टोकप्लर. बरोबर."

"तर तो पूल एकच दिसतोय. चिप ट्रायॅकला हुकूम देते, तो त्या पुलावरून जातो. पण लाट शून्यावर कधी आली ही बातमी चिपला कळायला हवी ना, त्याशिवाय ती उशीर मोजणार कुठून? ती बातमी मेनमधून आत येते, ती या दोन रेझिस्टरांवरून. म्हणजे थेटच आली की. मग एका दाराला कुलूप आणि दुसरं दार..."

काका म्हणत होते ते खरं होतं आणि बाईंना ते ठाऊक होतं. मूळ आराखड्यात तिथे दुसरा ऑप्टोकप्लर होता. तो माल वेळेवर आला नाही. सत्र लांबलं असतं, वाचनालयाचं वार्षिक प्रदर्शन तोंडावर आलेलं; तेव्हा बाईंनी त्याच्या जागी दोन रेझिस्टर टाकले होते. माल आला की बदलू, असं स्वतःला बजावलं होतं. माल पुढे आलाही, दुसऱ्याच कुठल्या कामाला लागला.

हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सगळ्यांच्या नजरा बाईंवर होत्या, आणि बाई कधी अडत नसत.

"काका," त्या म्हणाल्या, "दोनशे वीस किलोओहमचे रेझिस्टर आहेत ते. त्यांच्यातून गळून गळून येणार किती? तुम्ही गोळ्यांच्या पाकिटावरचे दुष्परिणाम वाचणारे. सगळे वाचत बसलात तर सर्दीचीही गोळी घेणार नाही तुम्ही!"

वर्ग खो खो हसला. पोस्टमनने टेबलावर थाप मारली. काकाही हसले, मान खाली घालून पेचकस आवरू लागले, आणि रेग्युलेटरची तयार झालेली खोकी त्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरी गेली. खोक्यातून एक लांब वायर निघायची आणि तिच्या टोकाला बटणांची पत्र्याची छोटी पट्टी, पलंगावर पडल्यापडल्या वेग बदलता यावा म्हणून. पट्टीचा पत्रा सर्किटच्या शून्य बाजूला जोडायचा, ही सूचनाही बाईंचीच. त्याने चिप भरकटत नाही म्हणे.

पुढच्या आठवड्याचा धडा होता सुरक्षिततेचा. हा धडा बाई नेहमी झोकात घ्यायच्या. मेनवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी ती मेनपासून तोडायची. नुसतं फॅनचं बटण बंद करून भागत नाही, कारण ते बटण चुकून दुसऱ्याच तारेवर बसवलेलं असू शकतं. आणि फॅन थांबलाय म्हणजे वीज नाही, असं तर मुळीच समजायचं नाही. ट्रायॅक मिटलेला असला तरी थोडी वीज त्याच्या अंगाखालून झिरपतच असते. मुख्य फ्यूज काढायचा आणि काम करणाऱ्याने तो आपल्या ताब्यात ठेवायचा. टेस्टर आधी चालू जागेवर लावून तो शुद्धीवर आहे ना बघायचं, मग कामाच्या जागेवर, मग पुन्हा चालू जागेवर. मेलेला टेस्टर सगळ्यांनाच मेलेलं म्हणतो.

"आणि आता शेवटचं. आपल्या बटणांची बाजू मेनपासून खरंच तुटलेली आहे की नाही, हे कसं पाहायचं? प्लग काढलेला आहे. मीटर ओहमवर. एक टोक प्लगच्या पिनेला, एक पत्र्याच्या पट्टीला. काहीच दिसायला नको. रस्ताच नाही, तर आकडा कुठून येणार?"

आणि बाईंनी टोकं टेकवली.

मीटरने दोनशे वीस किलोओहम दाखवले.

काका त्या दिवशी आले नव्हते. ते असते तर गप्पच बसले असते, हे बाईंना त्या क्षणी कळलं. थोरली बहीण पुढे वाकून म्हणाली, "बाई, आकडा आला की."

"मीटरची बॅटरी उतरलीय," बाई म्हणाल्या, आणि मीटर बंद करून ठेवून दिला.

इतकं बेमालूम खोटं आपल्याला बोलता येतं, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. वर्ग त्यांनी लवकर सोडला. सगळे गेल्यावर दार लावून घेतलं आणि वर्गातलं खोकं मेनला जोडलं, मीटर आता व्होल्टवर. एक टोक जमिनीत गेलेल्या अर्थिंगच्या पिनेला, दुसरं पत्र्याच्या पट्टीला. शंभराच्या वर. ज्या पट्टीवर माणसाने बोट ठेवायचं, तिच्यावर. वर्गात कुणाला काही जाणवलं नव्हतं, कारण वर्गात लाकडी फरशी आणि सगळ्यांच्या पायांत बूट. घरी माणूस अनवाणी असतो, फरशी ओली असते. सध्या मुंग्या येण्याइतकंच, मिलिअँपिअरभर. पण ते मिलिअँपिअरावर रोखून धरणारे कोण, तर बाजारातले सगळ्यांत स्वस्त, बोटाच्या पेराहून छोटे दोन रेझिस्टर. विजेचा एखादा मोठा झटका आला आणि ठिणगीने त्यांच्या अंगावरून उडी घेतली, तर मग पत्रा आणि मेन यांच्यात काही उरत नाही.

बाईंनी खोकं उपटलं आणि वर्गाच्या गटावर संदेश लिहायला घेतला. लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी गेला तो असा: "रेग्युलेटरमध्ये एक सुधारणा करायची आहे. तोवर कृपया कुणीही वापरू नये. मुख्य फ्यूज काढून इलेक्ट्रिशियनकडून तो वेगळा करून घ्यावा." सुधारणा! चुकीला सुधारणा म्हणताना बोटं जराही अडखळली नाहीत. भराभर अंगठे आले. बेकरीवाल्याने तर वर लिहिलं, "बाई म्हणजे बाई!" ते वाचून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांचा अंगठा आला नाही. काकांचा फोन साधा, गट वगैरे त्यांच्या गावी नव्हतं. घरचा नंबर लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळी बाई हजर. पिशवीत बाजारातला कपॅसिटरचा रेग्युलेटर, टेस्टर, पेचकस. काका शटर वर करत होते. बाईंना पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच ओशाळला.

"बाई, मी आलो नाही काल. घरी जरा..."

"काका, ते खोकं लावलंत का?"

"लावलं की. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने बसवून दिलं. झकास चालतंय. थोडा घुमतो, पण तुम्ही म्हणालाच होतात."

"आत्ताच्या आत्ता काढायला हवं. चला."

काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. शटर खाली ओढलं आणि चालू लागले. एरवी या माणसाने चार तरी शंका काढल्या असत्या. रस्ताभर बाई त्यातली एक तरी येईल म्हणून वाट पाहत राहिल्या.

काकांचं घर तळमजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. काकूंचा गुडघा दुखावलेला, त्या दिवसातला बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून असायच्या, पाय खाली फरशीवर टेकवून. फरशी नुकतीच पुसलेली होती. उशाशी ती पत्र्याची पट्टी लोंबत होती.

"बाई आल्यात," काका म्हणाले. "रेग्युलेटर बघायला."

"बसा हो. थांबा, वारा कमी करते, नाहीतर तुम्हाला थेट लागेल." असं म्हणून काकूंनी उशीखाली हात घातला, कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा काढला आणि चिमट्याच्या टोकाने बटण दाबलं. फॅन मंदावला आणि घुमायला लागला.

"हे काय?" काकांनी विचारलं.

काकू जरा वरमल्या. "काही नाही. सवय लागलीय."

"चिमट्याने कशाला दाबतेस?"

"तुम्हाला सांगितलं होतं ना, मुंग्या येतात बोटाला. तुम्ही म्हणालात, भास आहे. तुम्ही चप्पल घालून दाबून दाखवलंत, तुम्हाला काही झालं नाही. मग म्हटलं, असेल बाई भास. पण भासाला तरी बोट कशाला द्यायचं?"

बाईंना तिथे उभं राहवेना. "मुख्य फ्यूज कुठे आहे?" एवढंच त्या म्हणाल्या.

फ्यूज दारामागच्या बोर्डावर होता. बाईंनी फॅनचं बटण बंद केलं, टेस्टर शेजारच्या चालू सॉकेटमध्ये लावला, दिवा पेटला. मग फ्यूज खेचून काढला आणि ठेवायला खिसा चाचपू लागल्या, तर काकूंनी पलंगावरूनच हात पुढे केला. "आणा इकडे. माझ्या मुठीतून कोण घेतंय." बाईंनी फ्यूज त्यांच्या हातात दिला. खुर्चीवर चढून खोकं उघडलं आणि आतल्या तारांना टेस्टर लावला. दिवा लागला नाही. आता टेस्टर पुन्हा चालू जागेवर लावून पाहायचा, तर घरात चालू जागाच उरली नव्हती. काका न सांगता बाहेर जिन्यातल्या सॉकेटपाशी जाऊन तो लावून आले. "पेटतोय," ते म्हणाले. मग बाईंनी पेचकस हातात घेतला.

खोकं निघालं. त्याच्या जागी बाजारातला रेग्युलेटर बसवताना त्या बोलत राहिल्या, आणि आश्चर्य म्हणजे बोलणं सोपं जात होतं. दुसरा ऑप्टोकप्लर नव्हता, मी त्याच्या जागी रेझिस्टर टाकले, पट्टीवर वीज येत होती, काकू, तुमच्या बोटाला मुंग्या येत होत्या त्या खऱ्याच. चूक माझी. आराखड्याची चूक कबूल करताना आवाजही नीट लागत होता, अगदी वर्गातल्यासारखा.

"असू द्या हो," काका म्हणाले. "चुका कुणाच्या हातून होत नाहीत?"

काकू मात्र विचार करत होत्या. नवऱ्याला त्या चाळीस वर्षं ओळखत होत्या. "अहो, पण तुम्ही तर दुधाच्या पिशवीवरची तारीखही दोनदा वाचता. हे तुमच्या लक्षात आलं नाही? विचारलं नाहीत बाईंना?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाही बुवा. मला कुठलं सुचायला?"

बाईंचा हात पेचकसावर थांबला. काकांनी त्यांच्यासाठी खोटं बोलून टाकलं होतं, तेही इतक्या सहज की आता बाईंनी नुसता स्क्रू फिरवत राहायचं होतं. आराखड्याची चूक सांगून झाली होती, चहा मिळाला असता, बाई घरी गेल्या असत्या. लाज वाटत होती ती मानेपासून कानापर्यंत, आणि तिच्यातून सुटायची वाट काकांनी स्वतः उघडून धरली होती.

"त्यांनी विचारलं होतं," बाई खुर्चीवरूनच वळून म्हणाल्या. "सगळ्यांसमोर विचारलं होतं, आणि नेमकं हेच विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं. मी त्यांची थट्टा केली. सगळा वर्ग हसला. काल मीटरने खरं दाखवलं, तेव्हाही मी बॅटरी उतरलीय म्हणून सांगितलं."

काका कसनुसे हसले. "जाऊ द्या हो बाई, मला काही वाटलं नव्हतं."

"वाटलं नव्हतं कसं?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण काकांना तो चढलेल्या आवाजापेक्षा जड गेला असावा. "त्या दिवशी घरी आलात ते जेवला नाहीत. आणि मी मुंग्या म्हटल्यावर माझ्यावरच खेकसलात."

"मला वाटलं, बाई हसल्या म्हणजे माझंच चुकलं असणार. मग तुझंही चुकतच असणार." आपण काय बोललो ते बहुधा बोलल्यावरच काकांना ऐकू आलं.

बाईंना वाटलं, फरशी फाटावी. पण फरशी पुसलेली आणि घट्ट होती. त्यांनी शेवटचा स्क्रू आवळला, झाकण बसवलं आणि खाली उतरून काकूंपुढे हात केला. "फ्यूज द्या. झालं."

काकूंनी मूठ उघडली नाही. "आधी ह्यांना बघू द्या."

काका पुढे आले, नाकावरचा चष्मा वर सारून रेग्युलेटरकडे, मग खालच्या बटणाकडे, मग तारेच्या टोकाकडे बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं. "बाई, एक..." मग ते थांबले आणि त्याच ओळखीच्या पद्धतीने हसले. "नाही, नाही. तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असेल."

हे ऐकून बाईंना जे झालं, ते मीटरच्या आकड्याने झालं नव्हतं. दोन रेझिस्टर काढून टाकता आले होते. हे कसं काढायचं, ते त्यांना येत नव्हतं.

"विचारा ना, काका," त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता.

"कशाला उगाच..."

"विचारल्याशिवाय मी फ्यूज देणार नाही," काकू म्हणाल्या, "मग बसू तिघंही उकाड्यात."

काकांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग बोट बटणाकडे करून, शाळेतल्या पोराने चाचरत विचारावं तसं त्यांनी विचारलं, "घर जुनं आहे. हे खालचं बटण नक्की फेजच्या तारेवरच आहे का? न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही वर फॅनपर्यंत वीज राहील. ते कुणी पाहिलं का?"

बाईंनी बोर्डाकडे पाहिलं. तो धडा त्यांनी स्वतः शिकवला होता, आणि आत्ता घाईत तो तपासलाच नव्हता. तोंडावर एक छानसं उत्तर आलं होतं, जसं नेहमी यायचं. त्यांनी ते गिळलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

काकूंनी मान हलवली आणि फ्यूज नवऱ्याच्या हातात ठेवला. काकांनी खुर्ची बोर्डापाशी ओढली, चप्पल नीट घातली आणि टेस्टर मागायला हात पुढे केला. बाईंनी तो दिला आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या.